निविदा सूचनेचा मराठी अनुवाद : अट सैल होऊ नये, मुदत सरकू नये

नगरपरिषदेची किंवा जिल्हा परिषदेची निविदा सूचना इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम पहिल्यांदा हाती येते तेव्हा ते सोपे वाटते. मजकूर दोन-तीन पानांचा, वाक्ये ठरावीक, शब्दही बरेचसे ओळखीचे. पण ही सूचना वाचूनच तालुक्यातला छोटा ठेकेदार किंवा मजूर सहकारी संस्थेचा सचिव ठरवतो, की आपण या कामात बसतो की नाही. पात्रतेची अट अनुवादात घट्ट झाली, तर पात्र माणूस निविदा भरतच नाही. सैल झाली, तर अपात्र माणूस प्रपत्राचे शुल्क भरतो, बयाणा रक्कम गुंतवतो, आठवडाभर कागद गोळा करतो आणि तांत्रिक लिफाफा उघडला की बाद होतो. दोन्ही वेळा त्याने वाचलेला मजकूर तुमचा असतो. म्हणून या कामातली माझी पद्धत क्रमाने सांगतो.

समजायला सोपे जावे म्हणून सगळीकडे एकच नमुना घेतला आहे. एक नगरपरिषद जलवाहिनी टाकण्याचे काम काढते. अंदाजित किंमत १,८०,००,००० रुपये. सूचना प्रसिद्ध झाली १० जून २०२५ रोजी. निविदा सादर करण्याची अंतिम वेळ १ जुलै २०२५, दुपारी ३.००. तांत्रिक लिफाफा २ जुलैला उघडणार. हा नमुना मी रचलेला आहे. त्यातली पात्रतेची अट मात्र खरी आहे : केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर २००२ च्या परिपत्रकात ती दिली आणि बांधकामाच्या निविदांत ती आजही थोड्याफार फरकाने भेटते.

## १. अनुवादाला बसण्याआधी हे हातात हवे

- सही झालेली मूळ निविदा सूचना, पीडीएफ स्वरूपात. वर्डची कच्ची प्रत नको, कारण सही होण्याआधी तिच्यात बदल झालेले असू शकतात.
- सविस्तर निविदा प्रपत्र, निदान पात्रतेच्या अटी, व्याख्या आणि वेळापत्रकाची पाने.
- तोपर्यंत निघालेली सगळी शुद्धीपत्रके.
- `mahatenders.gov.in` या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवरील त्या निविदेच्या तारखांच्या पानाची छापील प्रत.
- त्याच कार्यालयाची आधीची एखादी मराठी सूचना, शब्द जुळवण्यासाठी.
- त्या वर्षाचे आणि आदल्या वर्षाचे कॅलेंडर.

निविदा प्रपत्र मागायला संकोच करू नका. "सूचना दोनच पानांची आहे, तेवढीच करून द्या," असे उत्तर हमखास मिळते. पण सूचनेत 'समान स्वरूपाचे काम' एवढेच लिहिलेले असते आणि त्याची व्याख्या प्रपत्रात पुढे कुठेतरी असते. ती न वाचता केलेला अनुवाद म्हणजे अंदाज.

## २. आधी आकड्यांची यादी करा

पहिले वाक्य लिहिण्याआधी मूळ मजकुरातला प्रत्येक आकडा एका कागदावर उतरवा. प्रत्येक तारीख, वेळ, रक्कम, टक्केवारी, दिवसांची आणि वर्षांची संख्या, कलमाचा क्रमांक असे सगळे. शेजारी लिहा, हा आकडा कशाचा आणि कोणत्या पानावरचा. अनुवाद झाल्यावर याच यादीवर खुणा करत तपासायचे आहे.

यादी करतानाच विसंगती दिसू लागतात, आणि त्या आधी दिसणे फार बरे. सूचनेत अंतिम वेळ दुपारी ३.०० आहे आणि पोर्टलवर `01-Jul-2025 05:00 PM` दिसते आहे, असे होते. पोर्टल स्वतःच्या घड्याळाने बंद होते हे खरे, पण म्हणून तुम्ही पोर्टलची वेळ मराठीत घेऊन मोकळे व्हायचे नाही. कोणती बरोबर हे कार्यालयाने लेखी सांगायचे. वार आणि तारीख जुळते का, तेही याच वेळी कॅलेंडरवर पाहा. 'मंगळवार, दि. २ जुलै २०२५' असे मूळात असेल तर ते चुकले आहे, कारण २ जुलै २०२५ हा बुधवार होता. आता चूक वारात आहे की तारखेत, हे तुम्हाला कळणे शक्य नाही.

रकमेच्या तक्त्यावर 'रुपये लाखांत' असा मथळा असतो आणि खाली १८०.०० असते. मराठीत तक्ता मोडून वाक्य केले की मथळा गळतो आणि १८० रुपये उरतात. जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणाऱ्या प्रकल्पांच्या निविदांत रकमा दशलक्षांत असतात. १८ दशलक्ष म्हणजे १ कोटी ८० लाख. असे रूपांतर केले तर अंकांत पूर्ण रक्कम लिहा आणि शून्ये दोनदा मोजा. 'पावणेदोन कोटी', 'दीड लाख' हे बोलण्यात ठीक, सूचनेत नको.

## ३. एका गोष्टीला एकच शब्द

मराठी शाळेत आपल्याला शिकवलेले असते की तोच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये. इथे नेमके उलटे करायचे आहे. बयाणा रक्कम एकदा 'बयाणा', एकदा 'इसारा रक्कम' आणि एकदा 'अनामत' झाली, तर वाचणाऱ्याला वाटते की तीन वेगळ्या रकमा भरायच्या आहेत. त्यातून सुरक्षा अनामत ही खरोखरच वेगळी असते, ती काम मिळाल्यावर भरायची.

सर्वांत जपायची जोडी किमतीची आहे. अनेक कार्यालयांत अंदाजपत्रकाची एकूण रक्कम वेगळी असते आणि निविदेस ठेवलेली रक्कम वेगळी. पात्रतेचे ४० टक्के यांतल्या कोणत्या रकमेचे, हे मूळात ज्या शब्दाने सांगितले असेल त्याच्यासाठी ठरवलेला मराठी शब्दच तिथे यायला हवा. दोन्हींना 'किंमत' म्हणून चालणार नाही. आधीच्या मराठी सूचनेत कार्यालय जे शब्द वापरते तेच घ्या. तिथे नसेल तर भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांत पाहा. ठेकेदारांच्या कानाला ओळखीचे शब्द, म्हणजे कार्यारंभ आदेश, दोषदायित्व कालावधी, लिफाफा क्रमांक १, बदलू नका. त्यांच्या जागी शुद्ध मराठीचा हट्ट धरला तर वाचणारा अडखळतो, एवढेच.

## ४. पात्रतेची अट उलगडून घ्या

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. नमुन्यातल्या अनुभवाच्या अटीचा आशय असा : निविदाकाराने मागील सात वर्षांत समान स्वरूपाची कामे यशस्वीपणे पूर्ण केलेली असावीत. ही सात वर्षे, निविदा ज्या महिन्यात मागवली त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपतात. कामे अंदाजित किमतीच्या ४० टक्क्यांपेक्षा कमी नसलेली तीन, किंवा ५० टक्क्यांपेक्षा कमी नसलेली दोन, किंवा ८० टक्क्यांपेक्षा कमी नसलेले एक.

इंग्रजीत हे एकाच लांब वाक्यात असते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने तेच वाक्य एका दमात आणायला गेलात तर कर्ता आणि क्रिया यांच्यात चार ओळी अडकतात आणि कालावधी कोणाला लागू, हे कळत नाही. म्हणून तोडा, पण तोडताना कोणतीही शर्त मोकळी सुटू देऊ नका. मी असे लिहितो :

> निविदाकाराने समान स्वरूपाची कामे मागील सात वर्षांत यशस्वीरीत्या पूर्ण केलेली असावीत. हा सात वर्षांचा कालावधी, निविदा मागविण्यात आलेल्या महिन्याच्या लगतच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपणारा असेल. पूर्ण केलेली कामे खालीलपैकी कोणत्याही एका प्रकारची असावीत :
> (अ) अंदाजित किमतीच्या ४० टक्के रकमेपेक्षा कमी किमतीची नसलेली तीन कामे, किंवा
> (आ) अंदाजित किमतीच्या ५० टक्के रकमेपेक्षा कमी किमतीची नसलेली दोन कामे, किंवा
> (इ) अंदाजित किमतीच्या ८० टक्के रकमेपेक्षा कमी किमतीचे नसलेले एक काम.

आता ही अट आकडे घालून चालवून पाहा. सूचना जूनमध्ये निघाली, म्हणजे आधीचा महिना मे. कालावधी १ जून २०१८ ते ३१ मे २०२५. टक्केवारी : ४० टक्के म्हणजे ७२ लाख, ५० टक्के म्हणजे ९० लाख, ८० टक्के म्हणजे १ कोटी ४४ लाख. एखाद्याने मे २०१८ मध्ये एक चांगले मोठे काम पूर्ण केले असेल तर ते धरले जाणार नाही. तुमचा मराठी मजकूर वाचून त्याला हे कळते का? 'मागील सात वर्षांत' एवढेच लिहिले असते तर त्याने १० जून २०१८ पासून मोजले असते, किंवा नुसते २०१८ हे वर्ष धरले असते.

हे हिशेब सूचनेत घालायचे का, हा प्रश्न प्रत्येक नव्या अनुवादकाला पडतो. माझे ठाम मत असे की स्वतःहून घालू नये. मूळात शब्दांत असलेली अट मराठीतही शब्दांत राहावी. हिशेबाचा कागद कार्यालयाकडे पाठवावा आणि त्यांनी सहीनिशी 'बरोबर' म्हटले, तरच कंसात तारखा द्याव्यात. वाचकाला त्यांची मदत फार होते, म्हणून मी दर वेळी विचारतो.

या अटीत एक जागा अशी आहे की जिथे मूळ मजकूरच थोडा मोकळा आहे. तीन कामे ४० टक्क्यांची, म्हणजे प्रत्येक काम ७२ लाखांचे की तिघांची बेरीज ७२ लाख? आयोगाच्या परिपत्रकातल्या वाक्यात 'प्रत्येकी' या अर्थाचा शब्द नाही. खात्यांत अर्थ 'प्रत्येकी' असाच घेतला जातो, आणि पुढच्या दोन प्रकारांकडे पाहिले की तोच योग्य वाटतो. तरीही 'प्रत्येकी' हा शब्द तुम्ही घातला तर अट तुम्ही लिहिली असे होते, आणि नाही घातला तर मराठी वाचक बेरजेकडे झुकू शकतो. यावर एकच रस्ता आहे : प्रश्न लिहून पाठवा, उत्तर लिहून घ्या, मग शब्द घाला.

उलाढालीची अट छोटी, पण अधिक फसवी. आशय असा : मागील आर्थिक वर्षाच्या ३१ मार्च रोजी संपणाऱ्या तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित किमतीच्या किमान ३० टक्के असावी. नमुन्यात ती ५४ लाख होते. जून २०२५ मध्ये चालू आर्थिक वर्ष २०२५-२६ आहे, मागील आर्थिक वर्ष २०२४-२५, आणि ते संपले ३१ मार्च २०२५ रोजी. म्हणून वर्षे येतात २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५. अनुवादात 'मागील वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत' असे आले की वाचक ३१ मार्च २०२४ धरतो, कारण बोलण्यात मागील वर्ष म्हणजे २०२४. एक 'आर्थिक' शब्द गळला आणि तीन वर्षांची सगळी चौकट मागे सरकली. सनदी लेखापालाचा दाखला चुकीच्या वर्षांचा तयार होतो, आणि कळते ते लिफाफा उघडल्यावर.

'सरासरी' शब्दाचेही तसेच. एका ठेकेदाराची उलाढाल तीन वर्षांत ४०, ५० आणि ७५ लाख असेल तर सरासरी ५५ लाख, म्हणजे तो पात्र. 'वार्षिक उलाढाल किमान ५४ लाख' एवढेच लिहिले तर पहिली दोन वर्षे पाहून तो स्वतःच मागे फिरेल. मूळात 'तीनपैकी कोणत्याही एका वर्षी', 'प्रत्येक वर्षी' की 'सरासरी', यांतले काय आहे ते बोट ठेवून पाहा.

समान स्वरूपाच्या कामाची व्याख्या साधारण अशी असते : विशिष्ट व्यासाची जलवाहिनी पुरविणे, टाकणे, जोडणे व चाचणी घेणे. ही चार क्रियापदे कंटाळवाणी वाटतात आणि 'जलवाहिनीचे काम' असे आटोपशीर करण्याचा मोह होतो. ते करू नका. 'पुरविणे' गेले की फक्त मजुरीवर जलवाहिनी टाकलेला ठेकेदारही स्वतःला पात्र समजेल. व्यासाची अट '१५० मि.मी. किंवा त्याहून अधिक' असेल तर '१५० मि.मी.पेक्षा अधिक' लिहिल्याने नेमके १५० मि.मी.चे काम केलेला बाहेर पडतो. 'कमी नसावे', 'किमान' आणि 'किंवा अधिक' यांत तो आकडा आत असतो. 'पेक्षा जास्त' मध्ये तो बाहेर असतो.

काळ्या यादीच्या अटीत काळाकडे लक्ष द्या. 'निविदाकार काळ्या यादीत नसावा' हे आजच्या स्थितीबद्दल आहे. 'मागील तीन वर्षांत काळ्या यादीत टाकलेला नसावा' हे झालेल्या गोष्टीबद्दल आहे, नाव नंतर यादीतून निघाले असले तरी. प्रतिज्ञापत्र याच शब्दांवर केले जाते.

## ५. व, वा आणि न

हा धोका मराठीचा स्वतःचा आहे. 'व' आणि 'वा' यांत फक्त एका कान्याचा फरक, आणि अर्थ दोन्ही हवेत की एक चालेल इतका बदलतो. वर्तमानपत्राच्या बारीक टाइपात तो काना पुसट होतो. म्हणून सूचनेत 'वा' आणि 'अथवा' वापरायचेच नाहीत, फक्त 'किंवा'. दोन कागद दोन्ही हवे असतील तर 'व' ऐवजी 'आणि' लिहा, आणि गरज असेल तिथे 'दोन्ही' जोडा. मूळात 'आणि/किंवा' असेल तर तसेच ठेवा, आणि कोणते अभिप्रेत आहे ते विचारा.

'असावा' आणि 'नसावा' यांतही एकाच अक्षराचा फरक आहे. 'कमी नसावी' चे 'कमी असावी' झाले तर वाक्य व्याकरणाने बरोबरच राहते, त्यामुळे नजर अडत नाही. शेवटच्या वाचनात नकार असलेली वाक्ये तेवढी वेगळी काढून वाचा.

बंधन आणि मुभा यांचीही गल्लत होते. इंग्रजीतला 'शॅल' आला की मी 'राहील', 'करावे लागेल' किंवा 'बंधनकारक आहे' असे लिहितो आणि 'मे' आला की 'करू शकेल'. नुसते 'करावे' हे मराठीत आज्ञाही वाटते आणि सल्लाही. कागदपत्र जोडणे सक्तीचे असेल तर ते 'जोडणे बंधनकारक आहे' असेच दिसले पाहिजे.

## ६. तारीख आणि वेळ

तारखेत महिना अक्षरी लिहा. ०१/०७/२०२५ हे एक जुलै की सात जानेवारी, हा प्रश्न आपल्याकडे सहसा पडत नाही, पण बाहेरच्या वित्तसंस्थेच्या कागदपत्रांत पडू शकतो. वेळ दोन्ही पद्धतींनी द्या : 'दुपारी ३.०० वाजेपर्यंत (१५.०० वा.)'. सकाळ, दुपार, सायंकाळ या शब्दांच्या सीमा गावोगावी वेगळ्या असतात. चार वाजले की कोणी दुपार म्हणतो, कोणी सायंकाळ. चोवीस तासांचा आकडा सोबत असला की वाद राहत नाही. 'रात्री १२' कधीच लिहू नका, कारण ती त्या तारखेची सुरुवात की शेवट, हे कळत नाही. मूळात २३.५९ असेल तर २३.५९, २४.०० असेल तर २४.००.

'पर्यंत' आणि 'पूर्वी' यांत एक अख्खा दिवस मावतो. '१ जुलैपर्यंत' मध्ये १ जुलै धरलेला आहे, '१ जुलैपूर्वी' मध्ये नाही. इंग्रजीत 'ऑन ऑर बिफोर' असेल तर 'दि. १ जुलै २०२५ रोजी किंवा त्यापूर्वी' असे पूर्ण लिहा.

दिवस मोजायच्या अटींत सुरुवात कुठून, हे कधीही गाळू नका. नमुन्यात निविदेची वैधता 'निविदा सादर करण्याच्या अंतिम तारखेपासून १२० दिवस' आहे. १ जुलै सोडून मोजले तर १२० वा दिवस २९ ऑक्टोबर २०२५. हीच मोजणी 'निविदा उघडल्याच्या तारखेपासून' अशी झाली तर ३० ऑक्टोबर. बँक हमीच्या रूपात बयाणा द्यायचा असेल तर तिची मुदत बऱ्याचदा वैधता संपल्यानंतर आणखी ४५ दिवस मागतात, म्हणजे नमुन्यात १३ डिसेंबर २०२५. 'बँक हमी ४५ दिवसांची असावी' असा आटोपता अनुवाद झाला, तर ठेकेदार ऑगस्टमध्येच संपणारी हमी आणतो. 'दिवस' आणि 'कामकाजाचे दिवस' यांतला फरकही जसा आहे तसाच न्या.

वेळापत्रकातल्या प्रत्येक तारखेला तिचे काम चिकटलेले असावे. प्रपत्र डाउनलोड करण्याची अखेर, शंका विचारण्याची अखेर, निविदा सादर करण्याची अखेर आणि उघडण्याची वेळ या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पोर्टलवर त्या `Document Download / Sale End Date`, `Clarification End Date`, `Bid Submission End Date`, `Bid Opening Date` अशा दिसतात. सगळ्यांना 'अंतिम तारीख' म्हटले की गोंधळ ठरलेला. उघडण्याच्या तारखेपुढे आपल्याकडे 'शक्य झाल्यास' असते. ते क्षुल्लक समजून गाळू नका, कारण त्यामुळेच ती तारीख पक्की नाही हे कळते.

'सादर करणे' या शब्दाच्या जागी 'अपलोड करणे' येऊ देऊ नका. पोर्टलवर फायली चढवल्या तरी `Freeze Bid Submission` हे बटण दाबेपर्यंत निविदा सादर झालेली नसते. '३ वाजेपर्यंत अपलोड करावी' असे वाचून पावणेतीनला फायली चढवून निवांत बसणाऱ्याची निविदा कोठेच पोहोचत नाही.

## ७. शंका लेखी पाठवा

शंका साठवून एकाच पत्रात किंवा ईमेलमध्ये पाठवा. प्रत्येक शंकेत कलम क्रमांक, मूळ शब्द, संभाव्य दोन अर्थ आणि तुमचा प्रस्तावित मराठी मजकूर असू द्या. साधारण असे :

> कलम ४.२ (अ) : तीन कामांची किंमत प्रत्येकी ४० टक्के अपेक्षित आहे की एकत्रित? 'प्रत्येकी' असल्यास तो शब्द मराठी सूचनेत घालण्यास मान्यता द्यावी.

अभियंता कामात असतो. फोनवर "प्रत्येकीच हो, घाला" असे उत्तर येते. आभार माना आणि तेच ईमेलवर मागा.

मराठी आणि इंग्रजी मजकुरात तफावत आढळल्यास कोणता ग्राह्य, हे वाक्य मूळात असेल तर ते मराठीत ठळकपणे आलेच पाहिजे. नसेल तर ते आपल्या सोयीसाठी जोडू नका. कार्यालयाला सुचवा, ठरवू दे त्यांना.

## ८. दोघांनी मिळून तपासा, मग छपाईचा कच्चा पुरावा पाहा

एकाने मूळ मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मराठीवर बोट ठेवून प्रत्येक आकड्यावर खूण करायची. शक्यतो खूण करणाऱ्याने अनुवाद केलेला नसावा. आपण लिहिलेले वाचताना डोळा काय असायला हवे तेच पाहतो. शेवटी दुसऱ्या कलमातल्या यादीत एकही आकडा खुणेविना उरता कामा नये आणि मराठीत यादीबाहेरचा एकही आकडा नसावा.

त्यानंतर मराठी मजकूर एखाद्या ठेकेदाराला किंवा निविदा भरणाऱ्या माणसाला द्या आणि तीनच प्रश्न विचारा : कोणत्या तीन आर्थिक वर्षांचे दाखले काढाल? कोणत्या तारखेनंतर पूर्ण झालेले काम दाखवाल? कोणत्या दिवशी किती वाजता पोर्टल बंद होईल? त्याने दिलेली उत्तरे तुमच्या हिशेबाशी जुळली नाहीत तर चूक मजकुरात आहे, त्याला समजावत बसू नका, वाक्य दुरुस्त करा.

वर्तमानपत्राला मजकूर गेला की पानाचा कच्चा पुरावा मागवाच. अनेक ठिकाणी युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलला जातो आणि त्यात अंक, टक्केचिन्ह, कंस आणि दशांशबिंदू आधी बिघडतात. १ आणि ९ बारीक टाइपात एकमेकांसारखे दिसतात. संकेतस्थळाचा पत्ता आणि निविदा क्रमांक पोर्टलवर टंकायचे असतात, म्हणून ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत जसेच्या तसे ठेवा.

## ९. शुद्धीपत्रक आणि दुसरी वेळ

मुदतवाढीचे शुद्धीपत्रक अनुवादताना जुनी आणि नवी तारीख शेजारी द्या आणि कोणत्या तारखा बदललेल्या नाहीत तेही, मूळात असेल तर, स्पष्ट आणा. नमुन्यात अंतिम तारीख ८ जुलै झाली, तर वैधतेचे १२० दिवस ८ जुलैपासून मोजले जातील आणि बँक हमीची मुदतही पुढे जाईल. अनुभवाचा कालावधी मात्र सरकत नाही, कारण तो निविदा मागवल्याच्या महिन्याला बांधलेला आहे, आणि तो महिना जूनच राहतो. कंसात तारखा दिल्या असतील तर त्यांतल्या कोणत्या बदलायच्या, हे यावरून ठरते.

'निविदा सूचना (दुसरी वेळ)' आली की जुनी फाइल उघडून फक्त तारखा बदलण्याची पद्धत आहे, आणि सर्वांत जास्त चुका मला तिथेच आढळतात. दुसरी सूचना जुलैमध्ये निघाली तर सात वर्षे आता ३० जून २०२५ रोजी संपतात, ३१ मे रोजी नाही. दुसरी सूचना एप्रिल २०२६ मध्ये निघाली तर उलाढालीची तीन वर्षेही बदलतात. दरम्यान अंदाजित किंमत बदलली असेल तर सगळ्या टक्केवारीच्या रकमा नव्याने येतात. म्हणून दुसऱ्या वेळेला आकड्यांची यादी कोऱ्या कागदावर नव्याने करा आणि पहिल्या यादीशी ताडून पाहा. जे आकडे तसेच राहिले आहेत ते खरेच राहायला हवे होते का, एवढे कार्यालयाला विचारून मगच मजकूर द्या.